कोंबड्या नक्की कोण?

तू पाठवलेला तक्ता वाचला. डाव्या रकान्यात ‘ॲनिमल फार्म’मधला प्राणी, उजव्या रकान्यात रशियाच्या इतिहासातला माणूस किंवा गट. राज्य करणाऱ्या डुकरांपैकी नेपोलियन म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, कुत्रे म्हणजे गुप्त पोलीस, बॉक्सर घोडा म्हणजे कामगार. हे सगळं बरोबर आहे. कोंबड्यांसमोर मात्र तू ‘क्रॉनश्टाटचे बंडखोर खलाशी’ असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आहेस. ते प्रश्नचिन्ह योग्य ठिकाणी पडलंय. मला त्याबद्दलच लिहायचं आहे, कारण कोंबड्यांचं कोडं सुटलं की जॉर्ज ऑरवेलने ही सगळी जुळणी कशी केली ते दिसायला लागतं.

आधी एक फरक लक्षात घे. आपण पंचतंत्र आणि इसापनीती वाचत मोठे झालो. तिथे कोल्हा धूर्त, गाढव मूर्ख, सिंह बलवान. प्राणी स्वभावाची जागा घेतो, आणि तो स्वभाव कुठल्याही गावातल्या, कुठल्याही काळातल्या माणसाला लागू पडतो. ऑरवेलचे प्राणी तसे नाहीत. त्याने हे पुस्तक नोव्हेंबर 1943 ते फेब्रुवारी 1944 या काळात लिहिलं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर 1917 नंतरची पंचवीसेक वर्षं होती. त्याची मेंढी ‘भोळी माणसं’ अशा मोघम अर्थाने येत नाही, ती विशिष्ट काळात विशिष्ट काम करणाऱ्या लोकांच्या जागी उभी असते. म्हणून ‘कोंबडीचा स्वभाव काय’ असं विचारलं तर उत्तर चुकतं. विचारायचं ते असं: हा प्राणी फार्मवर काय पिकवतो किंवा कोणतं काम करतो, त्याच्याकडून काय काढून घेतलं जातं, आणि ते कोण, कशाच्या जोरावर काढून घेतं?

हा प्रश्न किती उपयोगी आहे ते घोड्यांवरून पाहा. फार्मवरच्या घोड्यांपैकी बॉक्सर आणि मॉली हे दोघे घे. जात एकच, पण गट एकदम वेगळे. मॉली ही पांढरी, देखणी घोडी. फार्मचा जुना मालक जोन्स याच्या काळात ती त्याची हलकी बग्गी ओढायची, त्याबद्दल साखरेचे खडे आणि आयाळीत बांधायला फिती मिळायच्या. तिचा पहिला प्रश्न क्रांतीनंतर साखर मिळणार का, हाच असतो. पुढे ती शेजारच्या माणसाला आपलं नाक कुरवाळू देताना दिसते आणि एक दिवस फार्म सोडून जाते. जुन्या राजवटीच्या आश्रयाने सुखात राहिलेले आणि क्रांतीनंतर देश सोडून गेलेले लोक ते हेच. 1917 नंतरच्या काही वर्षांत दहा लाखांहून अधिक लोक रशियाबाहेर पडले आणि पॅरिस, बर्लिन, बेलग्रेड, हार्बिन इथे पांगले.

बॉक्सरकडे फिती नाहीत, त्याच्याकडे फक्त खांदे आहेत. तो दगड ओढतो, पवनचक्की उभी करतो, आणि काम अडलं की दुसरं काही न सुचता स्वतःची उठण्याची वेळ आणखी अलीकडे आणतो. ही 1930 च्या दशकातल्या सोव्हिएत औद्योगिक कामगाराची नक्कल आहे. ऑगस्ट 1935 मध्ये दोनबास भागातल्या अलेक्सेई स्ताखानोव्ह या खाणकामगाराने एका पाळीत 102 टन कोळसा काढल्याचं जाहीर झालं. त्याच्या हाताखाली मदतनीस होते, ही गोष्ट त्या वेळी झाकली गेली. लगेच देशभर ‘स्ताखानोव्ह चळवळ’ सुरू झाली, आणि एकाचा विक्रम इतरांच्या रोजच्या कामाचं मोजमाप वाढवायला वापरला गेला. बॉक्सर म्हणजे एकटा स्ताखानोव्ह नव्हे. स्वतःच्या घामावर भरवसा ठेवून त्या मोजमापाच्या मागे धावलेला सगळा वर्ग त्यात आहे. म्हणून त्याचा शेवट नीट वाच. तो कोसळतो, दवाखान्यात नेतो असं सांगून त्याला खाटकाच्या गाडीत घालतात, आणि काही दिवसांनी डुकरांच्या घरात व्हिस्कीची पेटी येते. त्याच्याकडून आधी श्रम घेतले गेले आणि अखेर कातडंही.

म्हणजे जात ही किल्ली नाही, काम ही किल्ली आहे. हेच मेंढ्यांना लाव. बॉक्सरही आज्ञाधारक आणि मेंढ्याही आज्ञाधारक. दोघेही ‘सामान्य जनता’ असतील तर ऑरवेलला दोन वेगळे प्राणी कशाला लागले? कारण मेंढ्यांची खरी भूमिका काही उभारण्याची नाही. त्यांचं ठळक काम एकच: सभेत कुणी मुद्द्याचं बोलायला लागला की घोषणा देऊन त्याचा आवाज बुडवायचा. स्नोबॉलच्या भाषणात नेमक्या महत्त्वाच्या जागी त्या ओरडायला लागतात. पक्षसभांमध्ये विरोधकांना बोलू न देणारा जो नवा, घाईघाईने भरलेला सभासदवर्ग होता, तो इथे आहे. 1924 मध्ये लेनिनच्या मृत्यूनंतर पक्षात एकाच मोहिमेत दोन लाखांहून अधिक नवे सभासद घेतले गेले. त्यांतले बरेचसे राजकारणात कोरे होते, आणि पक्षयंत्रणा ज्याच्या हातात, त्याच्या मागे ते गेले. पुस्तकाच्या शेवटाकडे नेपोलियनचा प्रचारक स्क्वीलर मेंढ्यांना आठवडाभर बाजूला नेतो आणि त्या परततात तेव्हा त्यांची घोषणा बदललेली असते. त्यांना विचार नाही, धडा आहे, आणि धडा देणारा तो बदलू शकतो.

कुत्र्यांच्या बाबतीत तुझा तक्ता बरोबर आहे, पण एक तपशील तुझ्या नजरेतून सुटला असावा. नेपोलियन नऊ पिल्लं आयांपासून तोडून माळ्यावर एकांतात वाढवतो. ती मोठी होऊन बाहेर येतात तेव्हा त्याच्यासमोर तशीच शेपटी हलवतात, जशी आधीची कुत्री जोन्ससमोर हलवायची. ऑरवेल हे एका ओळीत सांगून पुढे जातो. पण त्या ओळीत झारच्या काळातलं गुप्त पोलीस खातं आणि डिसेंबर 1917 मध्ये स्थापन झालेली ‘चेका’ यांच्यातला धागा आहे. पुढे त्या यंत्रणेची नावं बदलत गेली, 1934 मध्ये ती एनकेव्हीडीत आली. काम मात्र मालकाच्या पायाशी बसण्याचंच राहिलं.

आता कोंबड्या. सातवं प्रकरण उघडून शेजारी ठेव, कारण या भागात प्रत्येक वाक्याला वजन आहे.

कडक हिवाळा आहे, फार्मवर धान्य संपत आलंय, आणि ही उपासमार बाहेरच्या जगाला कळू द्यायची नाही असं नेपोलियन ठरवतो. बाहेरच्या व्यवहारासाठी त्याने व्हिंपर नावाचा वकील मध्यस्थ नेमलाय. व्हिंपर येतो तेव्हा कोठारातले धान्याचे कणगे जवळजवळ काठोकाठ वाळूने भरतात, वर उरलंसुरलं धान्य पसरतात, आणि त्याला सहज म्हणून तिथून फिरवून आणतात. याच व्हिंपरमार्फत नेपोलियनने आठवड्याला 400 अंडी पुरवण्याचा करार केलेला असतो. त्या पैशातून धान्य घेऊन उन्हाळ्यापर्यंत तग धरायची. स्क्वीलर कोंबड्यांना सांगतो की अंडी द्या. कोंबड्यांनी मात्र वसंतात उबवायला बसण्यासाठी ती जमवायला घेतलेली असतात. ही अंडी नेणं म्हणजे हत्या आहे, असं त्या ओरडून सांगतात.

मग फार्मवर जोन्सला हाकलल्यानंतरचं पहिलं बंडासारखं काहीतरी घडतं. तीन काळ्या मिनॉर्का जातीच्या तलंगा पुढाकार घेतात. कोंबड्या उडून वाशांवर जाऊन बसतात आणि तिथूनच अंडी घालतात. ती जमिनीवर पडून फुटतात. नेपोलियन लगेच कोंबड्यांचा शिधा बंद करतो. कुणीही कोंबडीला धान्याचा एक दाणा दिला तर त्याला मृत्युदंड, असा हुकूम निघतो, आणि कुत्रे पहारा देतात. कोंबड्या पाच दिवस टिकतात, मग शरण येऊन खुराड्यात परततात. तोवर नऊ कोंबड्या मेलेल्या असतात. त्यांना बागेत पुरतात आणि त्या कॉक्सिडिओसिस या रोगाने गेल्या असं जाहीर करतात. व्हिंपरला यातलं काहीच कळत नाही. अंडी ठरल्याप्रमाणे जात राहतात, न्यायला आठवड्यातून एकदा वाण्याची गाडी येते.

आता तुझा क्रॉनश्टाट याच्या शेजारी ठेव. मार्च 1921 मध्ये पेट्रोग्राडजवळच्या क्रॉनश्टाट या नाविक तळावरच्या खलाशांनी बंड केलं. हे तेच खलाशी, ज्यांनी 1917 मध्ये बोल्शेविकांना साथ दिली होती. त्यांना मोकळ्या निवडणुका हव्या होत्या, एका पक्षाची सत्ता नको होती. लाल सैन्याने गोठलेल्या समुद्रावरून चालून जाऊन ते बंड मोडलं. कोंबड्यांच्या गोष्टीत यातलं काय आहे? बंड आहे, एवढंच. मागणी निवडणुकीची नाही, अंड्यांची आहे. उपाय सैन्याचा नाही, उपासमारीचा आहे. बंड हा एकच समान दुवा धरून जोडी लावली की जुळणी अशी घसरते. शिवाय क्रॉनश्टाट पुस्तकात कुठे आहे ते ऑरवेलने स्वतः सांगून ठेवलंय. डिसेंबर 1946 मध्ये ड्वाइट मॅकडोनल्ड या अमेरिकी लेखकाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की गोष्टीचं खरं वळण डुकरं दूध आणि सफरचंदं स्वतःसाठी ठेवून घेतात तिथे आहे, आणि त्यापुढे तो क्रॉनश्टाटचं नाव लिहितो. म्हणजे क्रॉनश्टाट तिथे आहे जिथे प्राणी गप्प बसतात. त्यांनी त्या वेळी पाय रोवले असते तर पुढचं टळलं असतं, हे त्याला म्हणायचं होतं.

कोंबड्या म्हणजे शेतकरी. त्यातही एका विशिष्ट काळातले शेतकरी, आणि ते कोणते हे आपल्या तीन प्रश्नांवरूनच उलगडतं.

त्या काय पिकवतात? अंडी. खायची वस्तू तीच, आणि पुढच्या पिढीचं बीजही तेच. शेतकऱ्याच्या घरी असं दुहेरी मोलाचं काय असतं? धान्य: त्यातलं काही पोटाला, काही पुढच्या पेरणीला. त्यांच्याकडून काय काढून घेतलं जातं आणि कशासाठी? बाहेर विकायला. 1929 च्या अखेरीपासून स्टालिनने सामुदायिक शेतीची मोहीम जोरात रेटली, आणि शेतकऱ्यांकडून सक्तीची धान्यवसुली सुरू झाली. आपल्याकडच्या जुन्या माणसांना ‘लेव्ही’ म्हटलं की लगेच कळतं. पण इथे घरात किती उरतं याचा विचार न करता आकडा वरून ठरत होता. ते धान्य वाढत्या शहरांना जायचं आणि परदेशीही जायचं, कारण कारखान्यांची यंत्रं विकत घ्यायला परकीय चलन हवं होतं. 1930 आणि 1931 या दोन्ही वर्षी सुमारे 50 लाख टन धान्य देशाबाहेर गेलं. 1932 मध्ये निर्यात बरीच घटली, तरी थांबली नाही. व्हिंपरचा करार आणि दर आठवड्याला येणारी गाडी ती हीच.

वाशांवरून अंडी फोडणं मला या प्रसंगातली सर्वांत अचूक जागा वाटते. सामुदायिक शेतात जनावरं द्यायची वेळ आली तेव्हा शेतकऱ्यांनी ती देण्याऐवजी स्वतःच कापली, खाल्ली, विकली. 1928 ते 1933 या पाच वर्षांत सोव्हिएत देशातल्या गाईबैलांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. घोड्यांचंही तसंच झालं. शस्त्र नसलेल्या माणसाच्या हातात राहिलेला तो एकच नकार होता: तुम्हाला मिळणार असेल तर ते उरणारच नाही. त्यात त्यांचं स्वतःचंही नुकसान होतं, जसं कोंबड्यांचं फुटलेल्या अंड्यांत होतं.

आणि कोण, कशाच्या जोरावर? शिधा बंद करून. नोव्हेंबर 1932 मध्ये युक्रेनमध्ये वसुलीचा आकडा न भरणारी गावं ‘काळ्या यादीत’ घालायला सुरुवात झाली. अशा गावातल्या दुकानांतून माल उचलून नेत, खरेदीविक्री बंद करत. जानेवारी 1933 मध्ये भुकेले शेतकरी युक्रेन आणि कुबान सोडून अन्यत्र जाऊ नयेत म्हणून वाटा अडवल्या गेल्या, रेल्वेची तिकिटं बंद झाली. दाणा देणाऱ्याला मृत्युदंड हा हुकूम ऑरवेलने अतिशयोक्ती म्हणून घातलेला नाही. 7 ऑगस्ट 1932 च्या कायद्याने सामुदायिक मालमत्तेच्या चोरीला मृत्युदंड, किंवा सौम्य परिस्थितीत किमान दहा वर्षं कैद अशी शिक्षा ठेवली होती, आणि कापणीनंतर शेतात पडलेली कणसं वेचणंही त्यात आलं. लोक त्याला ‘कणसांचा कायदा’ म्हणत. आता त्याच प्रकरणात पुढे जा, कबुलीजबाबांच्या दृश्यात एक हंस येतो. आदल्या सुगीत सहा कणसं लपवून रात्री खाल्ली, एवढा त्याचा गुन्हा, आणि त्यासाठी तो मारला जातो. हा हंस तुझ्या तक्त्यात नाहीच. त्याला घाल, आणि समोर 7 ऑगस्ट 1932 ही तारीख लिही.

राहिल्या मेलेल्या नऊ कोंबड्या आणि त्यांचा रोग. 1932–33 च्या दुष्काळात एकट्या युक्रेनमध्ये 35 लाखांच्या वर माणसं मेली, असा आज बहुतेक अभ्यासकांचा अंदाज आहे; कझाकस्तानातले आणि रशियाच्या काही भागांतले बळी वेगळे. हा दुष्काळ आहे हेच सरकार मान्य करत नव्हतं. मार्च 1933 मध्ये गॅरेथ जोन्स या तरुण वेल्श पत्रकाराने युक्रेनमधल्या खेड्यांतून पायी फिरून पाहिलेली उपासमार जगापुढे मांडली. दोनच दिवसांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा मॉस्कोतला बातमीदार वॉल्टर ड्युरांटी याने त्याचं खंडन केलं. भूकबळी नाहीत, मात्र कुपोषणातून होणाऱ्या रोगांनी बरेच मृत्यू होत आहेत, असा त्याचा सूर होता. बागेत पुरलेल्या कोंबड्यांचा कॉक्सिडिओसिस इथून येतो. त्याच वर्षी फ्रान्सचे माजी पंतप्रधान एदुआर एरिओ युक्रेनचा ठरवून दाखवलेला दौरा करून परतले आणि तिथे दुष्काळ नाही असं सांगू लागले. वाळूचे कणगे ते हे. ऑरवेल 1945 मधल्या एका निबंधात स्पष्ट लिहितो की 1933 च्या युक्रेनमधल्या दुष्काळासारखी लाखोंचा बळी घेणारी घटना इंग्लंडमधल्या बहुतेक रशियाप्रेमींच्या ध्यानातही आली नाही. म्हणून मला ठामपणे वाटतं की कोंबड्यांचा प्रसंग लिहिताना तो जितका स्टालिनकडे पाहत होता, तितकाच व्हिंपरकडेही.

काही अभ्यासपुस्तिका कोंबड्यांसमोर ‘कुलाक’, म्हणजे श्रीमंत शेतकरी, असं लिहितात. तेही मला पटत नाही. सरकारने ज्यांना कुलाक ठरवलं त्यांची घरंदारं 1930–31 मध्येच काढून घेऊन लाखोंना उत्तरेला आणि सायबेरियात पाठवलं होतं. 1932 मध्ये ज्यांच्याकडून धान्य ओढलं गेलं ते सामुदायिक शेतावर आधीच आलेले साधे शेतकरी होते. ऑरवेलच्या खुराड्यात श्रीमंत कोंबडी आणि गरीब कोंबडी असा भेद कुठेच नाही. सगळ्यांची अंडी जातात.

हे सगळं इतकं नेमकं जुळतंय म्हटल्यावर एका मोहापासून जपायला हवं: प्रत्येक प्राण्यासमोर काहीतरी लिहायलाच हवं असं वाटणं. काही ठिकाणी जुळणी मुद्दामच सैल आहे. कोंबड्यांचं बंड आणि कबुलीजबाबांची कत्तल पुस्तकात एकाच हंगामात येतात. इतिहासात दुष्काळ 1932–33 चा आणि मॉस्कोचे जाहीर खटले 1936 ते 1938 चे. खटल्यांतले आरोपी म्हणजे आधी पुढे येऊन कबुली देणारी चार तरुण डुकरं, ज्यांनी रविवारच्या सभा बंद झाल्यावर आवाज उठवला होता. क्रांती घडवणाऱ्या जुन्या बोल्शेविकांपैकी झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह, बुखारिन या खटल्यांतच संपले. तीही डुकरंच, आणि मारणारंही डुक्कर. राज्यकर्ता गट म्हणजे एकसंध गट नव्हे, हे इथे दिसतं. क्रम बदलल्याचं ऑरवेलने स्वतःच म्हटलं आहे, गोष्टीच्या बांधणीला तो हवा होता. तसंच लेनिनसाठी स्वतंत्र डुक्कर नाही. म्हाताऱ्या मेजरच्या स्वप्नात मार्क्स आहे, आणि त्याची कवटी खांबावर ठेवून दर रविवारी तिच्यासमोरून जावं लागतं त्यात लेनिनचं जतन केलेलं शव आहे. एकच प्राणी दोन माणसांना वाहतो. आणि साम्राज्यातल्या वेगवेगळ्या भाषांच्या, वंशांच्या लोकांना या फार्मवर जागाच मिळालेली नाही. युक्रेनी शेतकरी आणि रशियन शेतकरी एकाच खुराड्यात बसतात. दुष्काळाचा घाव युक्रेनवर इतका खोल का पडला, हा प्रश्न रूपकात विचारताच येत नाही, आणि ही मला पुस्तकाची खरी मर्यादा वाटते. बेंजामिन गाढवासमोर तू ‘बुद्धिजीवी’ लिहिलंयस. त्याला वाचता येतं, तो गप्प बसतो, एवढ्यावर तसं म्हणता येईल; पण त्याच्याकडून काय काढून घेतलं जातं हे विचारलं तर उत्तर येतं: त्याचा मित्र बॉक्सर. तिथे गटाची भाषा संपते. त्याचा रकाना रिकामा ठेवलास तरी चालेल.

मोझेस या कावळ्याचा रकाना मात्र भरून ठेव, कारण त्याला तारीख लावता येते. जोन्सने पाळलेला हा कावळा मेल्यावर प्राणी जिथे जातात त्या गोड पर्वताच्या गोष्टी सांगतो, बंडाच्या दिवशी जोन्सच्या बायकोच्या मागे उडून जातो, आणि काही वर्षांनी परततो. डुकरं त्याच्या गोष्टींना खोटं म्हणतात, तरी त्याला कामाविना राहू देतात आणि रोज थोडी बिअरही देतात. ही रशियन ऑर्थोडॉक्स चर्चची कथा आहे: झारच्या आश्रयाने वाढलेली, क्रांतीनंतर दडपलेली, आणि युद्धात लोकांचं मनोबल टिकवायला पुन्हा बोलावलेली. सप्टेंबर 1943 मध्ये स्टालिनने चर्चच्या तीन वरिष्ठ धर्मगुरूंना क्रेमलिनमध्ये भेटायला बोलावलं आणि चार दिवसांनी नवा पेट्रियार्क निवडू दिला. ऑरवेल त्यानंतर दोनच महिन्यांनी लिहायला बसला. कावळ्याचं परत येणं ही त्याच्यासाठी ताजी बातमी होती.

हा नेमकेपणा तो शेवटपर्यंत सांभाळत होता. पवनचक्की उडवली जाते तेव्हा मूळ मजकुरात नेपोलियनसकट सगळे प्राणी जमिनीवर पालथे पडत होते. मार्च 1945 मध्ये, पुस्तक छापायच्या वाटेवर असताना, ऑरवेलने पॅरिसहून प्रकाशकाला कळवून तिथे बदल करवून घेतला: नेपोलियन सोडून सगळे पालथे पडले. कारण 1941 मध्ये जर्मन सैन्य मॉस्कोच्या दाराशी आलं तेव्हा स्टालिन शहर सोडून गेला नव्हता. ज्याच्याविरुद्ध संपूर्ण पुस्तक लिहिलं त्याच्या वाट्याचं एवढं खरं त्याला द्यायलाच हवं असं त्याला वाटलं. आणि ज्या पुस्तकावर इतके कष्ट घेतले ते छापायला चार प्रकाशकांनी नकार दिला होता, कारण रशिया त्या वेळी इंग्लंडचा मित्रदेश होता. जोनाथन केप या प्रकाशकाने तर राज्यकर्त्यांसाठी डुक्कर हा प्राणी निवडल्यामुळे पुष्कळ लोक दुखावतील, विशेषतः रशियन, असं कळवलं. अखेर सेकर अँड वॉरबर्गने ते 17 ऑगस्ट 1945 रोजी प्रसिद्ध केलं.

जुळणी बरोबर आहे की नाही हे तपासायला सगळ्यांत योग्य वाचक कोण असतील? ज्यांच्यावर ती बेतली ते. युद्धानंतर जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावण्यांत हजारो युक्रेनी लोक राहत होते, त्यांतले अनेक सोव्हिएत सत्तेखालून आलेले. इहोर शेव्चेंको हा तरुण अभ्यासक त्यांना ‘ॲनिमल फार्म’ तिथल्या तिथे युक्रेनीत अनुवाद करत वाचून दाखवत असे. एप्रिल 1946 मध्ये त्याने ऑरवेलला पत्र लिहिलं: ऐकणाऱ्यांना कुठला प्राणी कोण हे जवळजवळ सगळीकडे लगेच ओळखू येतं आणि काही प्रसंगांनी ते हलून जातात. ऑरवेलने भाषांतराची परवानगी दिली, मोबदला घेतला नाही, आणि 1947 च्या त्या आवृत्तीसाठी खास प्रस्तावना लिहिली. चाबूक खाणाऱ्या गाडीच्या घोड्यापासून ही कल्पना कशी सुचली ते तिथेच आहे. छापलेल्या प्रतींपैकी बऱ्याच प्रती म्युनिकमध्ये अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त करून सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. उरलेल्या छावण्यांत पोचल्या, आणि सातव्या प्रकरणातला दाणा, कणीस आणि बागेतलं दफन हे सगळं तिथल्या वाचकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तुझ्या तक्त्यात कोंबड्यांसमोर ‘1932–33 चे सामुदायिक शेतावरचे शेतकरी, मुख्यतः युक्रेनमधले’ असं लिही, आणि प्रश्नचिन्ह खोड.